भिंतीवरची खूण आणि फोनमधला गजर

रक्तदाबाची गोळी रोज एकदा घ्यायची असते आणि घेतल्यावर शरीराला काहीच जाणवत नाही. डोकेदुखीची गोळी घेतली की अर्ध्या तासात कळतं. ही गोळी घेतली काय, राहिली काय, त्या दिवशी फरक जाणवत नाही. त्यामुळे सकाळी अकराच्या सुमाराला हजारो घरांत एकच प्रश्न उठतो: आज गोळी घेतली का? चहा आठवतो, पेपर आठवतो, पण हातातली गोळी आजची आठवतेय की कालची, हे सांगता येत नाही. मग कुणी खात्रीसाठी दुसरी घेतं, कुणी घेतलीच असेल म्हणून सोडून देतं. दोन्ही वाईट.

दिवसाकाठी एक खूण करायची, ही सवय अशाच प्रश्नांसाठी आहे. व्यायाम, पाणी, झोप, मनःस्थिती, अशा कितीतरी गोष्टींसाठी लोक ती वापरतात. कागदी प्लॅनर, भिंतीवरचं कॅलेंडर की फोनमधलं अ‍ॅप, यांत चांगलं काय, हा वाद मात्र बहुतेक वेळा आवडीनिवडीवर चालतो. म्हणून मी इथे मुद्दाम गोळीचीच बाजू घेऊन हा आढावा मांडतो आहे. मन प्रसन्न होतं की नाही याची नोंद खरी की खोटी, हे कुणाला तपासता येत नाही. गोळीच्या नोंदीचं तसं नाही. खुणा किती आणि स्ट्रिपमध्ये गोळ्या उरल्या किती, हे समोरासमोर ठेवलं की नोंदीचा खरेपणा लगेच कळतो.

मराठी घराला अशी नोंद नवीन नाही. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केलं, तेव्हापासून तर स्वयंपाकघरातल्या भिंतीवर पंचांग, सणवार, पाककृती आणि हिशेब एकाच खिळ्याला लटकतात. दुधाचे खाडे, कामवाल्या मावशींच्या रजा, सिलिंडर लावल्याची तारीख, पाहुणे आले तेव्हा घेतलेलं जादा अर्धा लिटर दूध, हे सगळं त्या चौकोनांत लिहिलेलं असतं. महिन्याअखेर दूधवाल्याशी हिशेब करताना हाच पुरावा असतो आणि तो सहसा दोन्ही बाजूंना मान्य असतो.

पण दुधाच्या नोंदीत एक खुबी आहे, ती गोळीच्या बाबतीत घातक ठरते. दुधाचा रतीब लागलेला असतो. दूध येणं हे गृहीत असतं. म्हणून आपण खूण फक्त खाड्याची करतो. रिकामा चौकोन म्हणजे नेहमीप्रमाणे दूध आलं. गोळीसाठी हीच पद्धत लावली, म्हणजे चुकली त्या दिवशीच फुली मारायची असं ठरवलं, तर ती कधीच चालत नाही. कारण जो गोळी विसरला तो फुली मारायलाही विसरतो. गोळीच्या कॅलेंडरवर रिकाम्या चौकोनाचा अर्थ ‘घेतली नाही’ असाच असला पाहिजे आणि खूण घेतल्याचीच असली पाहिजे. दोन्ही नोंदी एकाच कॅलेंडरवर असतील तर रिकाम्या चौकोनाचे दोन उलटे अर्थ होतात. आजी एक अर्थ लावतात, सूनबाई दुसरा. गोळीसाठी वेगळं कॅलेंडर लावणं हा त्यावरचा सोपा उपाय. बँका, पतपेढ्या आणि औषधांची दुकानं जानेवारीत जी साधी कॅलेंडरं वाटतात, त्यांतलं एखादं या कामाला उत्तम. त्यात तिथी-नक्षत्रांची गर्दी नसते, चौकोन मोकळे असतात.

आता कागदावरचा सगळ्यात मोठा आक्षेप. तो नीट समजून घ्यायला हवा, कारण त्याला भक्कम पुरावा आहे. २००२ साली आर्थर स्टोन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या ८० प्रौढांना तीन आठवडे दिवसातून तीनदा आपल्या वेदनेची नोंद करायला सांगितलं होतं. निम्म्यांना कागदी नोंदवही दिली आणि निम्म्यांना हातात मावणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र. कागदाच्या वहीत प्रकाश ओळखणारा छोटा संवेदक बसवला होता. वही केव्हा उघडली आणि केव्हा मिटली, हे त्यात टिपलं जात होतं, आणि लिहिणाऱ्यांना याची कल्पना नव्हती. तीन आठवड्यांनी वह्या परत आल्या तेव्हा ९० टक्के नोंदी भरलेल्या होत्या. संवेदकानुसार ठरलेल्या वेळेच्या आसपास प्रत्यक्ष केलेल्या नोंदी होत्या ११ टक्के. ३२ टक्के दिवस असे निघाले की वही त्या दिवशी उघडलीच नव्हती, तरी त्या दिवसांच्या नोंदी जवळजवळ पूर्ण भरलेल्या होत्या. यंत्र वापरणाऱ्यांच्या वेळेवर केलेल्या नोंदींचं प्रमाण ९४ टक्के होतं.

या लोकांना लबाड म्हणणं अन्यायाचं होईल. चार दिवसांनी वही उघडली, रकाने रिकामे दिसले, डॉक्टरांसमोर अपुरी वही कशी न्यायची, म्हणून आठवेल तसं भरलं, इतकी साधी गोष्ट आहे. वर्गपाठाची वही तपासणीच्या आदल्या रात्री पूर्ण केलेल्या प्रत्येकाला ती समजेल. पण नोंद म्हणून अशा रकान्यांना किंमत उरत नाही. यंत्राला एक फायदाही होता: ते वेळ झाली की आवाज देत होतं आणि वेळ टळली की मागची नोंद घेत नव्हतं.

हा अभ्यास कागदाविरुद्ध नेहमी दाखवला जातो. माझ्या मते तो मिटलेल्या वहीविरुद्ध आहे. जी वस्तू उघडावी लागते, ती न उघडता दिवस जाऊ शकतो. भिंतीवरचं कॅलेंडर उघडावं लागत नाही. शिवाय ती वही एकट्याची होती. भिंतीवरचा चौकोन घरातल्या सगळ्यांना दिसतो आणि तीन दिवस रिकामे दिसले की कुणीतरी विचारतं. म्हणून रोजच्या खुणेसाठी प्लॅनर आणि भिंतीवरचं कॅलेंडर यांना एका मापाने मोजू नये. महागडा, जाड कागदाचा, आठवड्याला दोन पानं देणारा प्लॅनर एप्रिलमध्ये कपाटात गेलेला असतो, कारण तो बंद असतो.

मागाहून भरलेली खूण कॅलेंडरवरही होते, पण ती ओळखता येते. रोज केलेल्या खुणा एकसारख्या नसतात. एखादी जाड, एखादी पुसट, कधी निळी, कधी मुलांच्या हिरव्या पेनाची, एखादी घाईत चौकोनाबाहेर गेलेली. सात-आठ खुणा एकाच शाईच्या, एकाच तिरपेपणाच्या, एकाच दाबाच्या दिसल्या, की त्या एका बैठकीतल्या आहेत. यावर रागवायचं नसतं, पण त्या आठवड्याची नोंद धरायची नसते.

मग फोन का नाही? यंत्राने कागदाला इतकं मागे टाकलं, तर आज खिशात त्याहून किती तरी हुशार यंत्र आहे. यावर गोळीच्याच संदर्भात दोन मोठे प्रयोग अमेरिकेत झाले आहेत आणि दोन्ही एकत्र वाचायला हवेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रक्तदाब आटोक्यात नसलेल्या ४११ जणांपैकी निम्म्यांना गोळीची आठवण करून देणारं अ‍ॅप दिलं. बारा आठवड्यांनी अ‍ॅपवाल्यांनी सांगितलेली गोळी घेण्यातली नियमितता किंचित वाढली होती. पण वरचा रक्तदाब दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच उतरला होता: अ‍ॅपवाल्यांचा १०.६, बाकीच्यांचा १०.१. म्हणजे अ‍ॅपमुळे रक्तदाबात काही फायदा दिसला नाही.

दुसरा प्रयोग साध्या साधनांचा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात गोळ्या नियमित न घेणाऱ्या ५३ हजारांहून अधिक लोकांपैकी काहींना टपालाने वस्तू पाठवल्या. कुणाला वारांचे कप्पे असलेली डबी, कुणाला शेवटची गोळी केव्हा घेतली ते दाखवणारं घड्याळाचं झाकण, आणि कुणाला बाटलीला चिकटवायची पट्टी, जिच्यावर रोज एक खटका सरकवायचा. ही शेवटची वस्तू म्हणजे जवळजवळ कॅलेंडरच. वर्षभराने पाहिलं तर काहीही न मिळालेल्यांपेक्षा यांच्यात फरक नव्हता.

या दोन प्रयोगांवरून ‘काहीच उपयोगाचं नाही’ असं म्हणणं सोपं आहे, पण मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. दोन्हीकडे खूण झाली, पण ती खूण कुणी नेमाने वाचून त्यावर काही ठरवायचं, हे त्या योजनेच्या केंद्रस्थानी नव्हतं. टपालाने आलेली पट्टी तर एकट्या माणसाच्या हाती पडली. साधन कागदाचं असो की फोनचं, खूण करणाऱ्याशिवाय आणखी कुणी ती पाहत नसेल, तर ती काही दिवसांत थांबते. अ‍ॅपच्या बाबतीत हे किती लवकर होतं याचा अंदाज मानसिक आरोग्याच्या अ‍ॅप्सवरून येतो. २०१९ च्या एका अभ्यासात अशा ९३ अ‍ॅप्सचा प्रत्यक्ष वापर तपासला, तेव्हा मधल्या अ‍ॅपकडे तिसाव्या दिवशी ३.३ टक्के वापरणारे उरले होते.

फोनच्या गजराची आणखी एक अडचण आहे. गजर जेव्हा वाजतो तेव्हा माणूस गोळीपाशी नसतो. तो बसस्टॉपवर असतो, फोनवर बोलत असतो, आंघोळीला गेलेला असतो. आवाज बंद करायचा म्हणून बोट ‘घेतली’वर पडतं आणि गोळी घरीच. ही नोंद सेकंदापर्यंत अचूक वेळेची असते आणि तरी खोटी असते. काही फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप्स आपोआप बंद पाडली जातात. मग एक दिवस गजरच होत नाही आणि जो फक्त गजरावर विसंबला त्याला चुकल्याचा पत्ताही लागत नाही. कॅलेंडर आठवण करून देत नाही हा त्याचा उणेपणा खरा, पण ते गोळीच्या डब्यापाशी टांगलं तर खूण करणारा हात गोळीपासून वीतभरच लांब असतो.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या कॅलेंडरवरून हे सगळं मला नीट कळलं. वय अडुसष्ट, रात्री जेवणानंतर एक गोळी. पहिल्या तारखेला पंधराच्या दोन नव्या स्ट्रिप्स, म्हणजे तीस गोळ्या. महिना तीस दिवसांचा. शेवटच्या रात्री गोळी घेऊन झाल्यावर स्ट्रिपमध्ये एकही उरायला नको होती. उरल्या चार. म्हणजे घेतल्या सव्वीस. कॅलेंडरवर खुणा मात्र एकोणतीस. तीन खुणा गोळीशिवायच्या. पेनाकडे पाहिल्यावर त्या कुठल्या याचा अंदाज आला: महिन्याच्या मध्याला लग्नासाठी चार रात्री गावी मुक्काम होता आणि त्या चारही खुणा एकाच लाल पेनाच्या, परतल्यावर केलेल्या. त्यांतल्या एखाद्या रात्री गोळी घेतली असेल; बाकीच्या रात्रींची खूण सवयीने झाली.

पण मोलाचा होता तो एकमेव रिकामा चौकोन. तो संकष्टीचा होता. मागच्या महिन्याचं पान उलटून पाहिलं तर तिथेही संकष्टी रिकामी. त्याच्या मागच्या महिन्यात खूण होती, पण पुसट. गोळी ‘जेवणानंतर’ अशी डोक्यात बसलेली. संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत जेवण नाही, त्या दिवशी जेवायला साडेनऊ-दहा वाजतात, मग आवराआवर, थकवा, आणि गोळी राहते. हे फोनच्या अ‍ॅपमध्ये दिसलं नसतं. तिथे ‘९७ टक्के’ दिसलं असतं. काकूंचं कॅलेंडर कालनिर्णयच होतं, त्यामुळे चुकलेला दिवस आणि चुकण्याचं कारण एकाच चौकोनात दिसत होतं. काकूंनी डॉक्टरांना विचारलं. त्यांची गोळी जेवणावर अवलंबून नव्हती, म्हणून ती सकाळच्या चहावर आणली. सगळ्या गोळ्यांना हे चालत नाही, त्यामुळे वेळ आपल्या मनाने बदलू नये. आणि रात्रीची राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

ही स्ट्रिपची मोजणी महिन्यातून एकदा करावी. नवी स्ट्रिप पहिल्या तारखेला सुरू केली की वजाबाकी एका ओळीची होते. खुणा जास्त आणि गोळ्याही जास्त उरल्या, तर खूण आधी आणि गोळी नंतर असा क्रम पडला आहे. गोळ्या कमी उरल्या, तर कुठेतरी दोनदा घेतली गेली. म्हणून नियम एकच: पाण्याचा घोट घशाखाली गेल्यावर पेन उचलायचं. दिवसातून दोन गोळ्या असतील तर सकाळी एक तिरकी रेघ आणि रात्री तिला छेदणारी उलटी रेघ. फुली पूर्ण म्हणजे दिवस पूर्ण.

कॅलेंडर टांगताना एक बारीक गोष्ट लोक विसरतात. बॉलपेनची शाई वजनाने खाली उतरते. उंच टांगलेल्या कॅलेंडरवर हात वर करून लिहिलं की टोक वर होतं आणि चार दिवसांत पेन उमटेनासं होतं. मग ‘उद्या करू’ सुरू होतं. कॅलेंडर खांद्याच्या खाली येईल असं लावावं आणि दोऱ्याने शिसपेन्सिल बांधावी. गुळगुळीत, चकचकीत कागदावर पेन्सिल उठत नाही. तिथे स्केचपेन लागतं. पेन शोधायला आतल्या खोलीत जावं लागलं तर ती नोंद त्या दिवसापुरती गेलीच.

एखादा दिवस राहिला तर काय, यावर अ‍ॅप आणि कॅलेंडर यांचा स्वभाव वेगळा आहे. अनेक अ‍ॅप्स सलग दिवसांची साखळी मोजतात. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो आणि त्याबरोबर पुष्कळांचा उत्साहही. २०१० साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेला मधला काळ ६६ दिवस निघाला, पण माणसागणिक १८ ते २५४ दिवस इतका फरक होता. मधे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखी बाधा येत नव्हती. कॅलेंडरवर तसंच दिसतं: सत्तावीस खुणा, एक मोकळा चौकोन, पुन्हा खुणा. म्हणून तो मोकळा चौकोन मोकळाच ठेवायला घरातल्यांनी मदत केली पाहिजे. ‘काल परत विसरलीस?’ असं कुणी म्हटलं की पुढच्या वेळी चौकोन भरला जातो, गोळी नाही.

प्लॅनरची खरी जागा रोजच्या खुणेत नाही, आठवडाभराच्या मोजणीत आहे. डॉक्टर घरी रक्तदाब मोजून आणायला सांगतात तेव्हा साधारण रीत अशी असते: सात दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी पाच मिनिटं बसून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या वर सरासरी गेली तर ती जास्त मानतात. इतके आकडे कॅलेंडरच्या चौकोनात मावत नाहीत, पण प्लॅनरच्या दोन समोरासमोरच्या पानांवर छान बसतात आणि डॉक्टर एका नजरेत वाचतात. फोनचा स्क्रीन वर-खाली सरकवून दाखवायला लागला तर ओपीडीत तेवढा वेळ नसतो. इथे फसगत एकच, गोल आकडे. १४२ दिसलं की हात १४० लिहितो. पानावरचे बहुतेक आकडे शून्याने संपत असतील तर मशीनच्या स्मृतीतले आकडे काढून ताडून पाहावेत. बहुतेक मशीन जुनी मोजणी साठवून ठेवतात.

काही नोंदी मात्र भिंतीवर उघड नको असतात. कितीतरी बायका पाळीच्या तारखेला कॅलेंडरच्या कोपऱ्यात फक्त त्यांनाच कळेल असा ठिपका देतात. डॉक्टर विचारतात ती ‘शेवटच्या पाळीची तारीख’ त्या ठिपक्यावरून लगेच सांगता येते. हा ठिपका कुठे जात नाही. २०२१ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’ या अ‍ॅपवर वापरणाऱ्यांची आरोग्याची माहिती बाहेरच्या कंपन्यांना दिल्याचा ठपका ठेवला आणि ते प्रकरण समझोत्याने मिटलं. फोनवर नोंद करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून अ‍ॅप निवडावं.

जिथे कागद पुरत नाही अशाही जागा आहेत. दिवसातून पाच-सहा वेगवेगळ्या वेळांची औषधं, इन्सुलिनचे बदलणारे डोस, सतत फिरतीची नोकरी, इथे फोनचा गजर हवाच. स्मरणशक्ती उतरणीला लागलेल्या माणसाच्या हाती ना पेन्सिल द्यावी ना अ‍ॅप. गोळी देणाऱ्यानेच खूण करायची.

पुण्या-नाशिकला आईवडील आणि मुलगी सिंगापूरला किंवा न्यू जर्सीला, अशा घरांत कागद आणि फोन एकत्र आणता येतात. दर रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर कॅलेंडरचा फोटो मागवला, तर सुरुवातीचे काही रविवार छान जातात. मग शनिवारी रात्री आठवडा एका पेनाने भरून निघतो, कारण लेकीला काळजी नको. त्यापेक्षा फोटो स्ट्रिपचा मागवावा, कॅलेंडरशेजारी धरून, तारीख दिसेल असा. फोडलेली घरं आणि भरलेले चौकोन जुळले नाहीत, तर ‘विसरलीस का’ असं न विचारता ‘त्या दिवशी घरी काय होतं’ असं विचारावं. उत्तर बहुतेक वेळा एखादा उपवास, पाहुणे, पोटाची तक्रार किंवा ‘गोळीने पायाला सूज येते म्हणून मीच सोडली’ असं असतं. हे शेवटचं कारण कुठल्याही साधनाने सुटत नाही. ते डॉक्टरांपर्यंत त्याच आठवड्यात पोचलं पाहिजे. काही रक्तदाबाच्या गोळ्यांनी पायांना सूज येते, आणि अशा वेळी औषध बदलून मिळू शकतं.